आईचे बेट आणि माझी तलवार

बुधवार, दुपार

आज माझी साप्ताहिक सुट्टी आहे आणि आई शेजारच्या खोलीत तिच्या बेटावर काम करीत आहे. काम हाच शब्द योग्य आहे, कारण ती फळे तोडते, फुलांना पाणी घालते आणि शेजाऱ्यांची विचारपूस करते, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर बँकेत हिशेब जुळवतानाची एकाग्रता असते. आमच्या घरात गेम खेळण्याचा एकच कन्सोल आहे, निन्टेन्डो स्विच, आणि आईचे बेट त्यावरील एका गेममध्ये आहे. मामेभावाने तो दीड वर्षापूर्वी सिंगापूरहून आणला. मी पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत दुपारी तीन ते रात्री अकरा या पाळीत काम करते आणि घरी पोहोचेपर्यंत बारा वाजतात. आई दहा वाजता झोपते. त्यामुळे एक यंत्र दोघींना सहज पुरेल, कारण दोघींना ते एकाच वेळी लागणारच नाही, असे मला सुरुवातीला वाटले होते. आमच्या अडचणी मात्र वेळेच्या वाटणीतून आल्या नाहीत. या यंत्रात प्रत्येकीचे स्वतंत्र काय असते आणि दोघींचे मिळून एकच काय असते, हे मला माहीत नव्हते, त्यातून त्या आल्या.

स्विचवर आठ जणांपर्यंत प्रोफाइल करता येतात आणि बहुतेक गेम प्रत्येक प्रोफाइलसाठी वेगळी प्रगती जतन करतात. मी पहिल्याच दिवशी दोन प्रोफाइल केले, दोघींची चित्रे ठरवली आणि विषय संपला असे समजले. ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ हा झेल्डा मालिकेतील माझा आवडता गेम या नियमाने चालतो. माझी झेल्डाची कथा माझ्या प्रोफाइलमध्ये असते आणि आईने तिच्या प्रोफाइलवरून तोच गेम उघडला, तर तिला कोरी सुरुवात मिळते. परंतु आईसाठी मी जो गेम घेतला, तो ‘अॅनिमल क्रॉसिंग: न्यू होरायझन्स’, या नियमाला अपवाद आहे. एका कन्सोलवर त्याचे एकच बेट असते, मग प्रोफाइल कितीही असोत. दुसरी व्यक्ती आली, तर ती त्याच बेटावर आपला तंबू ठोकते. जी व्यक्ती सर्वांत आधी गेम सुरू करते, ती त्या बेटावरील रहिवाशांची प्रतिनिधी ठरते, आणि पूल कुठे बांधायचा, नव्या शेजाऱ्यासाठी जागा कुठे आखायची, बेटाचा विकास कोणत्या गतीने पुढे न्यायचा, हे निर्णय तिच्याच हातात राहतात.

गेम नीट चालतो का हे पाहण्यासाठी त्या रात्री मी तो माझ्या प्रोफाइलवरून उघडला, बेटाला घाईघाईत एक नाव दिले, तंबू उभारला आणि कन्सोल बाजूला ठेवून झोपले. दुसऱ्या दिवसापासून आई तिच्या प्रोफाइलवरून रोज दोन तास खेळू लागली. बारा दिवस ती मासे धरीत होती, लाकडे गोळा करीत होती, पण बेट जागचे हलत नव्हते. दुकान तंबूतच राहिले आणि नदीवर पूल आला नाही. एका रात्री मी जेवत असताना ती म्हणाली, “अगं, तो टॉम नूक माझ्याशी गोड बोलतो, पण कामाचे काही सांगत नाही. मला वाटते तो तुझी वाट पाहतो आहे.” टॉम नूक म्हणजे गेममध्ये बेटाचा कारभार पाहणारे पात्र, आणि तिचे निरीक्षण अचूक होते. पुढची कामे प्रतिनिधीकडे सोपवली जात होती आणि प्रतिनिधी मी होते, जी त्या बेटावर पुन्हा गेलेच नव्हते.

दोन मार्ग मला दिसत होते. रोज रात्री माझ्या प्रोफाइलवरून जाऊन बेटाची कामे मीच उरकायची, किंवा सारे पुसून आईच्या हातून नवी सुरुवात करायची. पहिला मार्ग मी चार रात्री वापरून पाहिला. पण त्यात पूल कुठे हवा हे आईने चिठ्ठीवर लिहायचे आणि मी मध्यरात्री तिच्या वतीने तो उभारायचा, असे होऊ लागले, आणि त्यात तिचा आनंद राहिला नाही. शेवटी तिनेच पुसायला सांगितले. मी सिस्टिम सेटिंग्जमधील Data Management या विभागात जाऊन त्या गेमचा जतन केलेला डेटा काढून टाकला. तसे केल्याने फक्त माझा तंबू जात नाही, दोघींसह संपूर्ण बेट जाते, म्हणून बटण दाबण्यापूर्वी मी तिला दोनदा विचारले. मग तिने स्वतःच्या प्रोफाइलवरून गेम उघडला, समोर आलेल्या चार नकाशांपैकी मधोमध तळे असलेला निवडला आणि बेटाला तिच्या माहेरच्या गावाचे नाव दिले. आधीच्या बेटावर नासपती होत्या, या बेटावर पीच निघाले. तिने ते वहीत टिपून ठेवले.

तिच्या आग्रहावरून मीही तिथे एक घर घेतले आहे. इथे आमच्या वेळापत्रकांचा खरा प्रश्न उभा राहिला, कारण बेटाचे घड्याळ कन्सोलच्या घड्याळाप्रमाणे चालते. दुकान सकाळी आठ ते रात्री दहा उघडे असते. मी साडेबारा वाजता तिथे पोहोचते, तेव्हा त्याच्या दाराबाहेरील पेटीत माल टाकण्याखेरीज काही करता येत नाही आणि त्या पेटीत टाकलेल्या मालाला किंमत वीस टक्के कमी मिळते. त्याहून सूक्ष्म गोष्ट मला बऱ्याच उशिरा उमगली. बेटाचा नवा दिवस मध्यरात्री सुरू होत नाही, पहाटे पाच वाजता सुरू होतो. रोज जमिनीत सापडणारे जीवाश्म, पैशांचे चमकणारे भोक आणि झाडांवरची फळे ही दोघींची सामायिक असतात, आणि फळे तोडल्यावर पुन्हा यायला तीन दिवस लागतात. म्हणजे मी रात्री जाते, ती आईच्याच दिवसाच्या शेपटाला, सारे वेचून झाल्यावर. अनेक रात्री रिकाम्या बेटावर फिरून मला वाटत होते की या गेममध्ये करण्यासारखे फारसे नाहीच.

हे आईला सांगितल्यावर तिने लगेच वाटणी केली. रोजच्या चार जीवाश्मांपैकी दोन ती जमिनीतच राहू देते आणि नदीच्या पश्चिमेकडील झाडांना हात लावीत नाही. संग्रहालय एकच असल्यामुळे एकीने दिलेला मासा दुसरीने पुन्हा देण्याचा प्रश्न येत नाही, पण जीवाश्म नेऊन दाखवण्याचा मान मात्र तिने स्वतःकडे ठेवला आहे. मी माझे दोन तिच्या दारासमोर ठेवून येते.

दुसरी अडचण माझ्या गेममुळे आली. स्विच झोपेच्या अवस्थेत ठेवला, तर चालू असलेला गेम जिथल्या तिथे थांबून राहतो, पण असा एकच गेम थांबवून ठेवता येतो. दुसऱ्या व्यक्तीने दुसरा गेम उघडला, की पहिला बंद करू का, असा प्रश्न पडद्यावर येतो, आणि हो म्हटले की न जतन झालेले सारे जाते. एरवी झेल्डा अधूनमधून आपोआप जतन होत असते, त्यामुळे नुकसान काही मिनिटांचेच असते. तलवारीच्या परीक्षेचा भाग तसा नाही. विकत घ्याव्या लागणाऱ्या त्या वाढीव भागात तुमची सारी शस्त्रे आणि कपडे काढून घेतले जातात, एकामागून एक कक्ष जिंकत जावे लागते आणि मध्ये कुठेही जतन करता येत नाही. तिथे यंत्र झोपवणे हीच एकमेव विश्रांती असते. मी नवव्या कक्षापर्यंत पोहोचून पहाटे दोन वाजता कन्सोल डॉकवर ठेवला होता. दुपारी आईने बेट उघडले आणि पडद्यावरील इंग्रजी प्रश्नाला हो म्हटले. तिची चूक नव्हती, मी तिला काहीच सांगितले नव्हते.

त्यानंतर मी डॉकला पिवळी चिठ्ठी लावू लागले: “गेम थांबवला आहे, बंद करू नकोस.” त्याचा परिणाम एका रविवारी उलटा झाला. रविवारी पहाटे पाच ते दुपारी बारा या वेळेतच बेटावर सलगम विकणारी येते. आठवडाभर त्यांचा भाव दिवसातून दोनदा बदलतो आणि पुढच्या रविवारपर्यंत विकले नाहीत तर ते सडतात. आईला हा व्यवहार सर्वाधिक प्रिय आहे, तिच्या वहीत गेल्या अकरा आठवड्यांचे भाव लिहिलेले आहेत. त्या शनिवारी रात्री मी परीक्षा अर्ध्यावर थांबवून चिठ्ठी लावली आणि सव्वाबारापर्यंत झोपले. तिने चिठ्ठी वाचली, मला उठवले नाही आणि कन्सोलला हात लावला नाही. मी उठले तेव्हा ती वही मिटून भाजी निवडत होती. तिने काहीच म्हटले नाही आणि मला फार वाईट वाटले.

म्हणून आता परीक्षा फक्त मंगळवारी रात्री असते, कारण बुधवारी सुट्टी असल्याने आईची वेळ होण्यापूर्वी उठून ती पूर्ण करणे किंवा सोडून देणे मला शक्य असते. बाकीच्या रात्री मी जतन करते, होम बटण दाबते, गेमच्या चित्रावर X दाबून तो पूर्ण बंद करते आणि मगच कन्सोल ठेवते. या शिस्तीला वीस सेकंद लागतात. जतन केलेली प्रगती यंत्राच्या अंतर्गत स्मृतीत असते, मेमरी कार्डवर गेम जातात पण प्रगती जात नाही, हे कळल्यावर मी आणखी एक गोष्ट केली. माझ्या झेल्डाची प्रत सशुल्क सदस्यत्वामुळे आपोआप ऑनलाइन जाते, पण आईचे बेट त्या नेहमीच्या सोयीत येत नाही. त्याची स्वतंत्र सोय गेमच्या पहिल्या पडद्यावर उणे चिन्हाचे बटण दाबून सुरू करावी लागते. त्यासाठीही सदस्यत्व लागते, आणि आईच्या प्रोफाइललाही ते असावे म्हणून मी माझे एकटीचे सदस्यत्व बदलून कौटुंबिक घेतले.

आवडी काही जुळल्या नाहीत, आणि त्या जुळाव्यात असे आता मला वाटत नाही. आईला राक्षसांशी लढणे आवडत नाही. तरीही एका दुपारी तिने स्वतःच्या प्रोफाइलवरून झेल्डा उघडली आणि सुरुवातीच्या पठारावर ती तीन आठवडे राहिली. तिथून खाली उतरण्यासाठी चार देवळे पार करून हवेत तरंगण्याचे साधन मिळवावे लागते, पण तिला उतरायचे नव्हते. ती सफरचंदे आणि अळंबी वेचायची, म्हाताऱ्याच्या झोपडीजवळच्या पातेल्यात घालून काय शिजते ते पाहायची आणि वहीत लिहायची. लाल मिरचीने थंडी सोसता येते, हे मला दीडशे तास खेळूनही लक्षात राहिले नव्हते, ते तिने सांगितले. मागच्या बुधवारी ती म्हणाली, “ती चार देवळे तू करून दे, मला खालची बाजारपेठ पाहायची आहे.” मी तिच्या शेजारी बसून तिच्याच प्रोफाइलमध्ये ती पार केली, आणि प्रत्येक देवळानंतर कंट्रोलर परत तिच्या हातात दिला.

आत्ता तिने हाक मारली आहे. पावणेपाच वाजले आहेत, सलगमचा भाव चढलेला आहे आणि आज मी जागी आहे, म्हणून माझ्या वाट्याचे सलगम दुकान उघडे असताना विकून घे असे ती म्हणते आहे.