हॉल मॉड्यूल बसवूनही ड्रिफ्ट: डाव्या स्टिकची चौथी नोंद

कन्सोलसोबत आलेल्या मूळ कंट्रोलरच्या डाव्या स्टिकमध्ये हॉल इफेक्टचे मॉड्यूल बसवले की ड्रिफ्टचा विषय संपेल, असे मी मागच्या नोंदीत लिहिले होते. तो संपला नाही. शनिवारी रात्री मॉड्यूल बसले, कंट्रोलर सुरू झाला आणि स्टिकला हात न लावताही खेळातले पात्र डावीकडे चालू लागले, तेही आधीपेक्षा वेगाने.

सोल्डरिंगचे काम मात्र मनासारखे झाले. काढायच्या जुन्या मॉड्यूलला १४ पाय असतात: दोन पोटेन्शिओमीटरचे तीन-तीन, बटणाचे चार आणि सांगाड्याचे चार. त्यांतले ग्राउंडला जोडलेले पाय बोर्डाच्या रुंद तांब्यात उष्णता घालवून बसतात. रविवार कारंज्याजवळून आणलेली विक, म्हणजे वितळलेले सोल्डर शोषून घेणारी तांब्याची वेणी, सुरुवातीला सोल्डर ओढतच नव्हती. तिच्यावर वेगळा फ्लक्स लावल्यावर चौदाही छिद्रे स्वच्छ झाली आणि एकही पॅड उखडला नाही. विकसोबत चांगला फ्लक्स घ्यावाच, असे माझे आता ठाम मत आहे.

आता मूळ प्रश्नाकडे. ब्राउझरमधला टेस्टर प्रत्येक अक्षाचे वाचन −१ ते +१ असे दाखवतो. जुने मॉड्यूल असताना मोकळ्या स्टिकचा आडवा आकडा ०.०३ ते ०.१२ यांच्यामध्ये सतत नाचत असे. नव्या मॉड्यूलचा आकडा −०.१४ होता, पण तो जागचा हलत नव्हता. दोन संध्याकाळी घालवल्यावर मला उमगले की या दोन वेगळ्या व्याधी आहेत. पोटेन्शिओमीटरमध्ये धातूची पत्ती कार्बनच्या पट्टीवर घासत फिरते. पट्टी झिजली किंवा तिच्यावर भुकटी साचली की आकडा नाचतो. हॉल सेन्सर चुंबकाचे क्षेत्र स्पर्शाविना मोजतो, त्यामुळे ही झीज तिथे होत नाही. परंतु जुन्या मॉड्यूलचा मध्यबिंदू कारखान्यात मोजून बोर्डाच्या स्मृतीत लिहिलेला असतो. नव्या मॉड्यूलचा मध्यावरचा व्होल्टेज थोडा वेगळा पडला, की बोर्डाला तो फरक म्हणजे कोणीतरी स्टिक ढकलल्यासारखाच दिसतो.

म्हणून मी मध्यबिंदू नव्याने कॅलिब्रेट केला, आकडा −०.०१ वर आला आणि मी समाधानाने झोपलो. सकाळी कंट्रोलर सुरू केला तर पुन्हा −०.१४! कॅलिब्रेशनच्या साधनात तात्पुरता बदल आणि कायमची नोंद हे दोन वेगळे टप्पे होते व मी दुसरा केलाच नव्हता. कायमची नोंद केल्यावर मध्य स्थिर राहिला, मात्र डाव्या टोकाला वाचन −०.९३ वरच थांबत होते. स्टिक कडेने सावकाश फिरवून टोकांचे कॅलिब्रेशन वेगळे केले, तेव्हा कुठे वर्तुळ पूर्ण झाले.

एक व्याधी उरली आहे. स्टिक डावीकडून सोडली तर आकडा −०.०३ वर थांबतो आणि उजवीकडून सोडली तर +०.०२ वर. हा स्प्रिंगचा दोष आहे. त्यावर हॉल सेन्सरचा काहीही इलाज नाही. खेळताना तो जाणवत नाही, कारण पुष्कळ खेळ मध्याभोवती बराच डेडझोन, म्हणजे स्टिकची हालचाल धरलीच जात नाही असा पट्टा, ठेवतात. विंडोज ज्या पद्धतीने कंट्रोलर वाचते त्या एक्स-इनपुटमध्ये डाव्या स्टिकसाठी सुचवलेली मर्यादा ३२७६७ पैकी ७८४९, म्हणजे सुमारे २४ टक्के आहे. नेमबाजीच्या खेळात आपण डेडझोन कमी करतो, तेव्हाच असे दोष उघडे पडतात.

गंगापूर रोडला राहणाऱ्या माझ्या भाच्याने हे सगळे पाहून विचारले, “मामा, मग मी सरळ हॉलवाला थर्ड-पार्टीच घेऊ का?” तो फक्त लॅपटॉपवर खेळतो, म्हणून मी त्याला होकार दिला: त्यात मॉड्यूल आणि कॅलिब्रेशन दोन्ही एकाच कारखान्यातून जुळवून येतात. एक्स-इनपुटमध्ये जायरोला, म्हणजे कंट्रोलर कसा वळवला हे ओळखणाऱ्या सेन्सरला, जागाच नसल्याने, जायरो हवा असल्यास मोड बदलावा लागेल, एवढे मात्र त्याला सांगून ठेवले. कन्सोल असता तर मी आधी परवाना पाहायला लावला असता. पीएस५ चे खेळ परवाना नसलेल्या कंट्रोलरवर ॲडॉप्टरशिवाय चालत नाहीत, आणि एक्सबॉक्सवर नोव्हेंबर २०२३ पासून अनधिकृत उपकरण जोडल्यास 0x82d60002 हा संदेश येतो. गेमसर जी७ एसई हा हॉल स्टिक असलेला आणि एक्सबॉक्सचा परवाना असलेला कंट्रोलर आहे, पण तो वायरचा आहे.

येत्या रविवारी उजवी स्टिकही बदलायची, असे ठरले होते. ही नोंद लिहिता लिहिता तिचे वाचन घेतले: ०.०६, आणि दहा मिनिटांत जराही न हललेले. म्हणजे तिथली पट्टी झिजलेली नसावी, फक्त मध्य सरकलेला असावा. रविवारी सोल्डरिंग आयर्न बाहेर काढण्याआधी मी तिचे नुसते कॅलिब्रेशन करून पाहणार आहे, आणि मागवून ठेवलेले दुसरे हॉल मॉड्यूल तोवर पाकिटातच राहील.