सरबताच्या पुढचा घोट
"तुमच्या मॉकटेलमध्ये दारूचा थेंब नसतो, तरी ते लिंबू सरबतासारखं का लागत नाही?"

कडूमुळे. आंबट आणि गोड एवढंच असेल तर माणूस ग्लास घटाघटा रिकामा करतो. दारूच्या जळजळीमुळे घोट आपोआप लहान होतो. ती काढून टाकली की घोटाला अडवणारं काहीतरी हवं, आणि ते काम कडू चव करते.

माझ्याकडे कडूपणा येतो टॉनिक वॉटरमधून. त्यात सिंकोना झाडाच्या सालीतलं कडू क्विनाइन असतं. भाचीच्या साखरपुड्यात मी पहिल्यांदा ते वापरलं, तेव्हा सोडा घालून करतो त्या पेयाचंच माप ठेवलं होतं: २० मिली लिंबाचा रस, २० मिली पाक आणि वर टॉनिक. फार गोड झालं. कडू असूनही टॉनिक साखरेचंच असतं, हे मी विसरलो होतो. १०० मिलीत साधारण ८ ग्रॅम साखर येते, म्हणजे जवळजवळ १३ मिली पाक तिथेच पडला. (माझा पाक म्हणजे साखर आणि पाणी, दोन्ही सारख्या वजनाचं.)

तेव्हापासून एका ग्लासाला २० मिली रस, ७ मिली म्हणजे जेमतेम दीड चहाचा चमचा पाक, आणि १०० मिली टॉनिक. रस आणि पाक आधी बर्फावर ढवळायचा. थंडगार टॉनिक शेवटी, ग्लासाच्या कडेने ओतायचं आणि चमचा एकदाच फिरवायचा, नाहीतर बुडबुडे निघून जातात. रस-पाकाची चव बर्फाआधी घेतली तर ती आंबटच लागणार, कारण उरलेली गोडी टॉनिकमधून यायची आहे. तिथे घाबरून पाक वाढवू नका. तयार पेय मात्र बर्फाविना चाखल्यावर किंचित जास्त गोड वाटलं तरी चालेल. गारव्यात गोडी दबते.

टॉनिक घालूनही सरबतच वाटलं, तर मोसंबीची साल आतल्या पांढऱ्या भागासकट वाटीभर पाण्यात दहा मिनिटं उकळत ठेवा. गाळलेलं कडू पाणी एक चमचा पुरतं. उलट कडूपणा घशात रेंगाळत राहिला, तर साखरेकडे हात नेण्याआधी चिमटीतलं चिमूटभरही नाही, इतकंसं मीठ टाकून बघा. मीठ कडूपणा दाबतं आणि गोडीचं माप बिघडत नाही.

बारमधले 'बिटर्स', म्हणजे थेंबाथेंबाने घालायचे कडू अर्क, मी घेत नाही. त्यातल्या अँगोस्टुरा या प्रसिद्ध ब्रँडमध्येच ४४.७ टक्के अल्कोहोल असतं. काही थेंबांनी नशा होत नाही, पण ज्याला मी "यात दारू नाही" असं सांगितलंय, त्याच्यासाठी ते थेंबसुद्धा दारूच आहेत.

पाहुण्यांत कुणी गरोदर असेल किंवा हृदयाच्या ठोक्यांसाठी औषध घेत असेल, तर क्विनाइनमुळे तिच्या किंवा त्याच्या ग्लासात टॉनिक नको. तिथे साधा सोडा, पाक पुन्हा २० मिली, आणि कडूसाठी मोसंबीच्या सालीचं पाणी दोन चमचे.