इस्त्री आणि स्त्री

उदगीर तालुक्यातली डी.एड. झालेली एक मुलगी लातूरच्या आमच्या इंग्रजीच्या वर्गात आली, तेव्हा तिची मुलाखत आठ दिवसांवर होती. व्याकरण चोख, पण बोलताना ‘इस्कूल’, ‘इस्टुडंट’, ‘इस्ट्रीट’. “सर, मी इ लावते ते मला ऐकूच येत नाही,” ती म्हणाली.

पहिल्या तासाला इंग्रजी बाजूला ठेवलं आणि मराठी पेपरातला एक परिच्छेद तिला वाचायला दिला. स्पष्ट, स्थिती, स्थानिक, सगळे शब्द स्वच्छ आले. मग फळ्यावर ‘इस्त्री’ आणि ‘स्त्री’ लिहिलं. या दोन शब्दांत तिची गल्लत आयुष्यात कधी झाली नव्हती. म्हणजे जिभेला जोडाक्षर जमत होतं. ‘इस्कूल’ हा शब्दच लहानपणापासून कानात तसा बसला होता.

तिला गळ्यावर दोन बोटं ठेवायला सांगितलं. नुसता ‘सससस’ काढला की गळा थरथरत नाही, इ आली की लगेच थरथरतो. कानाला न कळणारी चूक बोटांना कळली. मग तीन मोजेपर्यंत ‘ससस’ आणि त्याला लागून ‘कूल’. इथे ती अडखळली. स थांबवून मग क म्हणायला गेली की मधे अ शिरायचा, ‘सकूल’. स आपण थांबवायचाच नसतो. क साठी जीभ मागे टेकते तेव्हा तो आपोआप तुटतो. हे कळल्यावर स तीन मोजांवरून दोनवर, मग एकावर आणला.

वाक्यांचा क्रम मात्र जपावा लागतो. ‘माय स्कूल’ सोपं, कारण ‘माय’चा शेवटचा स्वर स ला आधार देतो, आपल्या ‘रस्ता’सारखा. ‘बिग स्कूल’ अवघड, कारण स च्या आधी ग् आहे. वाक्याच्या अगदी सुरुवातीचं ‘स्कूल’ही तितकंच अवघड. ‘स्ट्रीट’ शेवटाकडून बांधला: रीट, ट्रीट, स्ट्रीट. ‘स्लेट’ची गोष्ट वेगळी, तिथे स्वर आधी न येता मधे घुसतो, ‘सिलेट’. त्यावर उपाय असा की जिभेचं टोक जागेवरच टेकवायचं आणि फक्त कडा खाली सोडायच्या.

पाचव्या दिवशी उलटंच झालं. ती ‘इस्टेट’लाही ‘स्टेट’ म्हणू लागली. दिसेल ती इ खोडायची सवय लागली होती. मग मी दोन्हींपैकी एक शब्द म्हणायचो आणि ‘इस्टेट’ असेल तर तिनं डावा हात, ‘स्टेट’ असेल तर उजवा हात वर करायचा. कान पक्का झाला तसं तोंड सुधारलं.

मुलाखतीच्या आदल्या संध्याकाळी मोबाईलवर दोन मिनिटांचं बोलणं रेकॉर्ड केलं. इ तीनदा आली, तिन्ही वेळा वाक्याच्या आरंभी. तेवढ्या वेळात ती जागा पक्की होणार नव्हती, म्हणून तिच्या उत्तरांतली ‘स्टुडंट्स’नं सुरू होणारी वाक्यं बदलून ‘माय स्टुडंट्स’ केली.