भागायचं होतं तीनने, भागलं दीडने

ती सर्किटची पाटी मी अजून टेबलावरून हलवलेली नाही. दोष सापडला, दुरुस्तही झाला, तरी ती समोर दिसली की एक हिशेब पुन्हा मनात सुरू होतो.

काम साधं होतं. बाहेरून ३०० मेगाहर्ट्झचं क्लॉक येतं, त्याला तीनने भागून एफपीजीएमध्ये १०० मेगाहर्ट्झचं क्लॉक तयार करायचं. पुढची लिंक क्लॉकच्या दोन्ही कडांवर डेटा घेते, म्हणून ड्यूटी सायकल पन्नास टक्के हवी. पीएलएल सगळे आधीच वापरलेले, त्यामुळे लॉजिकमध्येच भागाकार करणं भाग होतं.

दोनने किंवा चारने भागायचं तर शेवटी टॉगल करणारा एक फ्लिप-फ्लॉप लावला की पन्नास टक्के आपोआप मिळतात. तीनने भागताना आउटपुट दीड आवर्तन वर आणि दीड आवर्तन खाली राहायला हवं. ते अर्धं आवर्तन पॉझिटिव्ह एजवरचा काउंटर देऊ शकत नाही, ते निगेटिव्ह एजकडूनच घ्यावं लागतं. इंटरव्ह्यूत सगळे काढतात ती आकृती अशी: एक काउंटर पॉझिटिव्ह एजवर, तसाच दुसरा निगेटिव्ह एजवर. दोघांकडून एकेका आवर्तनाची पल्स घ्यायची आणि त्यांचा ऑर करायचा. पल्स एकमेकींपासून अर्धं आवर्तन सरकलेल्या, म्हणून बेरीज दीड. आमच्या डिझाइनमध्ये हेच होतं. मी ते रिव्ह्यूत पाहिलं होतं आणि ठीक म्हणून सहीसुद्धा केली होती.

टेस्टिंगवाल्या सहकारीने सांगितलं, "सर, ही पाटी कधीकधी लिंक घेतच नाही. बंद करून चालू केली की घेते." हीच तक्रार त्याआधी दोनदा नोंदवली गेली होती आणि दोन्ही वेळा 'पुन्हा घडत नाही' असा शेरा मारून बंद झाली होती. बंद करून चालू केल्यावर जे बरं होतं त्याला आमच्याकडे दोष मानतच नाहीत. तिने मात्र चिकाटीने चाळीस वेळा पॉवर बंद-चालू केली आणि वहीत रेघा ओढल्या. चाळीसमधून चार वेळा लिंक आली नव्हती.

पाचव्यांदा बिघडली तेव्हा मी स्कोपचा प्रोब लावूनच बसलो होतो. पडद्यावर १०० मेगाहर्ट्झ नव्हतेच. होते २०० मेगाहर्ट्झ. माझी पहिली शंका प्रोबवर, दुसरी स्कोपच्या सेटिंगवर. मग आकार नीट पाहिला. प्रत्येक पल्स ३.३ नॅनोसेकंदांची, म्हणजे इनपुटचं बरोबर एक आवर्तन. मधल्या फटी मात्र सारख्या नव्हत्या: एक १.५ नॅनोसेकंदांची, पुढची १.८ ची, मग पुन्हा १.५ ची. खरं २०० मेगाहर्ट्झचं क्लॉक असं लंगडत चालत नाही. ही दोन वेगळ्या पल्समाळांची वेणी होती, आणि त्यातली एक माळ निगेटिव्ह एजवरून येत होती.

कागदावर मांडल्यावर उलगडलं. पहिली पल्स ० ते १ आवर्तन. दुसरी ०.५ ते १.५ असेल तर ऑर दीड आवर्तनाचा, सगळं बरोबर. ती अर्धं आवर्तन आधी आली तरीही बरोबर. पण दुसरा काउंटर एक पूर्ण आवर्तन उशिरा सुरू झाला तर त्याची पल्स १.५ ते २.५ अशी पडते. मग दोन्ही पल्स एकमेकींना शिवतच नाहीत आणि तीन आवर्तनांत एकाऐवजी दोन पल्स दिसतात. तीनने भागायचं ते दीडने भागलं जातं. आणि काउंटर एकमेकांकडे बघत नाहीत, म्हणून एकदा चुकीचा सुरू झालेला पॉवर जाईपर्यंत चुकीचाच चालतो.

उशीर होत होता रीसेट सुटताना. असिंक्रोनस रीसेट सामान्य रूटिंगमधून दोन्ही काउंटरांकडे जात होता. निगेटिव्हवाल्याकडे तो सुमारे १.८ नॅनोसेकंद उशिरा पोचत होता. इनपुट क्लॉक वर राहतं १.५ नॅनोसेकंदच. म्हणजे कधीकधी पॉझिटिव्ह काउंटर सुटायचा, आणि लगेचची निगेटिव्ह एज दुसऱ्याच्या हातून निसटायची. धोक्याची खिडकी १.८ वजा १.५, म्हणजे ०.३ नॅनोसेकंद, आणि आवर्तन ३.३३ चं. रीसेट कधीही सुटू शकतो, त्यामुळे साधारण दहा-अकरातून एकदा. तिच्या वहीतल्या चार रेघा इथे जुळल्या.

डिले न धरता केलेल्या सिम्युलेशनमध्ये हे दिसणं शक्यच नव्हतं. तिथे रीसेट एकाच क्षणी सगळीकडे सुटतो. टायमिंग टूलने निदान कुरकुर तरी करायला हवी होती, पण कोणीतरी रीसेटवर `set_false_path` लावून त्याचं तोंड आधीच बंद केलं होतं. लाल ओळी नाहीशा करण्याचा हा लोकप्रिय उपाय. कोणी लावला ते विचारलं, उत्तर आलं नाही.

दुसरा काउंटर मी काढूनच टाकला:

```
always @(posedge clk or negedge rst_n)
  if (!rst_n) begin c <= 0; p <= 0; end
  else begin
    c <= (c == 2) ? 0 : c + 1;
    p <= (c == 0);
  end
always @(negedge clk or negedge rst_n)
  if (!rst_n) n <= 0; else n <= p;
assign out = p | n;
```

आता `n` ला स्वतःची मोजदाद नाही, तो `p` ची अर्ध्या आवर्तनाने सरकलेली नक्कल आहे. रीसेट उशिरा पोचला तर फार तर पहिली पल्स आखूड होईल, पुढच्या फेरीत सगळं जागेवर. ऑरमधून ग्लिचही येत नाही, कारण एक बदलतो तेव्हा दुसरा १ धरून असतो. `p` साठी वेगळा फ्लिप-फ्लॉप ठेवलाय तोही त्यासाठीच. काउंटरचे बिट डीकोड करून थेट ऑरला दिले की १ वरून २ वर जाताना दोन बिट एकदम हलतात आणि क्लॉकवर काटा येऊ शकतो.

दोनशे वेळा पॉवर बंद-चालू केली, एकदाही बिघाड नाही. पण ड्यूटी सायकल ४८.३ टक्के! ती फटींची लंगड मी विसरलोच होतो. इनपुट क्लॉक स्वतःच ४५ टक्क्यांचं होतं. आउटपुट वर राहतं एक आवर्तन अधिक इनपुटचा वरचा भाग, म्हणजे १.४५ भागिले ३. निगेटिव्ह एजवर उभं राहून पन्नास टक्के मागायचे तर ती एज मधोमध असायला हवी. लिंकला ४८.३ चालतात, म्हणून तसंच ठेवलं. फक्त टूलला क्लॉकचा खरा आकार सांगितला. `p` कडून `n` कडे जायला १.६७ नाही, १.५ नॅनोसेकंदच मिळतात, हे त्याला माहीत नव्हतं.

आता तो हिशेब. याच दोन काउंटरांच्या आकृतीने पाचने भागणारं आमचं एक जुनं डिझाइन बाहेर चालू आहे. तिथे पल्स दोन आवर्तनांच्या असतात. दुसरा काउंटर एक आवर्तन उशिरा सुटला तरी त्या एकमेकींना शिवतात, आणि आउटपुट साडेतीन आवर्तनं वर राहतं. ड्यूटी सायकल सत्तर टक्के, फ्रिक्वेन्सी अगदी बरोबर. त्या पाट्यांच्या तपासणीत फक्त फ्रिक्वेन्सी मोजली जाते. इनपुट १०० मेगाहर्ट्झचं आहे, अर्धं आवर्तन ५ नॅनोसेकंदांचं, म्हणजे रीसेटचा उशीर तेवढा नसावा. पण त्या फाइलमध्येही `set_false_path` आहे. टेस्टिंगवाल्या सहकारीकडे मी त्यातली एक पाटी दिली आहे. तिने वहीचं नवं पान काढलंय.