डिसेंबरची लांब सावली

"टीचर, जानेवारीत पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते ना? मग थंडी तेव्हाच कशी, आणि मे महिन्यात एवढं का भाजतं?"

हे मला वर्गात विचारलं गेलंय, लग्नात जेवणाच्या पंगतीत विचारलं गेलंय, आणि आता व्हॉट्सअ‍ॅपवर जुने विद्यार्थी आपल्या मुलांसाठी विचारतात. विचारणाऱ्याला अर्धी गोष्ट बरोबर माहीत असते म्हणून मला तो आवडतो. पृथ्वी खरंच जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सूर्याच्या सगळ्यात जवळ असते, साधारण १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर, आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात सगळ्यात लांब, १५ कोटी २१ लाखांवर. म्हणजे ५० लाख किलोमीटरचा फरक. ऐकायला प्रचंड वाटतो पण एकूण अंतराच्या मानाने तो तीन टक्क्यांच्या जरासा वर आहे.

उत्तर मी नेहमी अंगणातून सुरू करते. आमच्या डिचोलीच्या घरी तुळशीवृंदावनाच्या बाजूला एक मीटरची बांबूची काठी उभी रोवलेली आहे, ओळंबा लावून सरळ केलेली, कारण काठी दोन-तीन अंश जरी कलली तरी सगळं माप चुकतं. दुपारी सावली सगळ्यात आखूड होते तेव्हा ती मोजायची. घड्याळात बारा वाजले की मोजायची ही पोरांची पहिली चूक, कारण आपलं घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेखांशाचं आहे आणि आपण त्याच्या बरेच पश्चिमेला, त्यामुळे गोव्यात सूर्य माथ्याच्या रेषेवर यायला साधारण साडेबारा वाजून जातात, नोव्हेंबरात सव्वाबारा नि फेब्रुवारीत पावणेएक असंही होतं. मी सव्वाबारापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकावर खडूने खूण करायला लावते आणि सगळ्यात आखूड खूण धरते.

आता मापं बघा. २१ डिसेंबरच्या आसपास त्या एक मीटर काठीची सावली उत्तरेकडे ८१ सेंटीमीटर पडते. मार्चच्या २१ तारखेला २८. ३ मेच्या सुमाराला सावली नाहीशीच होते, काठीच्या पायाशी गोळा होते, कारण सूर्य बरोब्बर डोक्यावर असतो. आणि मग जे होतं ते बघून मोठी माणसंसुद्धा गप्प होतात, सावली दुसऱ्या बाजूला जाते. २० मेपर्यंत ती दक्षिणेकडे ८ सेंटीमीटर पडायला लागलेली असते, जूनच्या २१ तारखेला १४ असते (ती बघायला ढग फुटायला पाहिजेत, ते क्वचितच होतं), मग परत फिरते. म्हणजे सूर्य आपल्या डोक्यावरून उत्तरेला जाऊन येतो. उत्तरायण-दक्षिणायन हे शब्द आपण पंचांगात वाचतो, पण अंगणात ते असे सेंटीमीटरमध्ये दिसतात.

ही सावली लांब-आखूड होणं म्हणजेच ऋतू, हे मी सांगते तेव्हा पोरं विचारतात की सावलीचा आणि थंडीचा काय संबंध. संबंध असा की डिसेंबरच्या दुपारी आपल्याकडे सूर्य क्षितिजापासून ५१ अंशांवरच चढतो, ऊन तिरकं येतं, आणि तिरकं ऊन जास्त जागेवर पसरतं. तुमच्या अंगणात फरशा घातलेल्या असतील तर असं समजा की ३ मेच्या दुपारी जेवढं ऊन १०० फरश्यांवर पडतं तेवढंच ऊन डिसेंबरात जवळपास १२९ फरश्यांवर वाटलं जातं, म्हणून प्रत्येक फरशीच्या वाट्याला कमी येतं. हे हाताला कळतं. डिसेंबरात आमसुलं किंवा मिरच्या वाळत घातलेलं सूप जमिनीवर सपाट ठेवा आणि दुसरं सूप सूर्याकडे तोंड करून भिंतीला टेकवून ठेवा, टेकवलेलं आधी तापतं. घराच्या छपरावर सोलर पॅनेल लावायला येतात ते लोक पॅनेल दक्षिणेकडे तिरकं करतात ना, ते याचसाठी.

दुसरी गोष्ट दिवसाच्या लांबीची. गोव्यात जूनमध्ये दिवस जवळपास १३ तासांचा असतो आणि डिसेंबरात सव्वाअकरा. म्हणजे डिसेंबरात ऊन विरळ आणि वर तापवायला वेळही कमी. या दोन्ही गोष्टी धरून हिशोब केला, ढग नि हवा बाजूला ठेवून, तर डिसेंबरच्या एका दिवसात आपल्या अंगणावर जूनच्या मानाने तिसरा हिस्सा ऊन कमी पडतं. आता अंतर आणा मध्ये. जवळ असल्यामुळे जानेवारीत सूर्याची धग जुलैपेक्षा साधारण सात टक्के जास्त असते. ती या तुटीतली थोडी भरून काढते, पूर्ण नाही, तरीसुद्धा एक चतुर्थांशाच्या वर तूट शिल्लक राहतेच. ऊन कधी तिरकं नि कधी सरळ येतं ते पृथ्वीचा अक्ष कललेला आहे म्हणून. म्हणजे अंतर खरोखर उलट्या बाजूला ओढतंय, आणि या कलापुढे हरतंय.

अंतराची शंका कायमची मिटवायची असेल तर माझ्याकडे याहून सोपा पुरावा आहे. आमच्या शेजारच्या बायचे वडील पोर्तुगीज काळात मोझांबिकला नोकरीला होते, लॉरेन्सो मार्कीशला, आता त्याला मापुतो म्हणतात. ती सांगायची की तिथे नाताळ म्हणजे घामाच्या धारा, आणि जूनमध्ये स्वेटर. लहानपणी मला ते विचित्र वाटायचं. मापुतो विषुववृत्ताच्या दक्षिणेला २६ अंशांवर आहे, आपण उत्तरेला साडेपंधरावर. नाताळच्या दिवशी पृथ्वी सूर्यापासून जेवढी लांब असते तेवढीच ती गोव्यासाठी आणि तेवढीच मापुतोसाठी, पृथ्वी तर एकच आहे. अंतरामुळे ऋतू होत असते तर दोघांकडे एकाच वेळी थंडी आणि एकाच वेळी उन्हाळा आला असता.

यावर हुशार पोरं एक वेगळं उत्तर देतात आणि ते मला जास्त काळजीचं वाटतं कारण ते बरोबर असल्यासारखं वाटतं: "कललेली आहे म्हणून आपली बाजू उन्हाळ्यात सूर्याच्या जवळ जाते." नाही. अख्ख्या पृथ्वीचा व्यास १२,७४२ किलोमीटर, आणि सूर्य १५ कोटी किलोमीटरवर. अगदी या टोकापासून त्या टोकापर्यंत जवळ गेलात तरी अंतरातला फरक दहा हजारातला एक भागसुद्धा होत नाही. कल आपल्याला सूर्याच्या जवळ नेत नाही, तो फक्त ऊन कुठल्या कोनातून नि किती तास येणार ते ठरवतो.

कल कसा काम करतो ते दाखवायला मी एक मोसंबं घेते, त्यातून खराट्याचा एक हीर आरपार घालते, आणि अंधाऱ्या खोलीत टेबलाच्या मध्यभागी बल्ब. हीर उभा नाही ठेवायचा, साडेतेवीस अंश कललेला ठेवायचा. आता मोसंबं बल्बभोवती फिरवायचं, आणि इथे जवळजवळ प्रत्येकजण चुकतो, हात वळतो तसा हीरही बल्बकडे वळवत नेतो. तसं करायचं नाही. हिराचं वरचं टोक पूर्णवेळ एकाच खिडकीकडे पाहिजे. आपली खिडकी म्हणजे ध्रुवतारा, तो गोव्यात उत्तरेला क्षितिजापासून साडेपंधरा अंशांवर वर्षभर तिथेच दिसतो ना, ते अक्ष दिशा बदलत नाही म्हणूनच. असं नीट फिरवलं की मोसंब्याची वरची बाजू टेबलाच्या एका टोकाला बल्बकडे झुकलेली दिसते आणि समोरच्या टोकाला बल्बपासून लांब झुकलेली, अक्ष स्वतः न हलता. वर पेनाने गोव्याचा ठिपका काढून ठेवा आणि मोसंबं स्वतःभोवती गिरकावा, ठिपका किती वेळ उजेडात राहतो ते मोजता येतं.

अंतराचा गैरसमज एवढा चिवट का, याचं कारण मला फळ्यावर सापडलं. सुरुवातीची बरीच वर्षं मीसुद्धा पृथ्वीची कक्षा अंड्यासारखी लांबट काढायची, सगळीकडे चित्र तसंच असतं. ते कक्षेकडे बाजूने बघितल्याचं चित्र आहे हे कुणी सांगत नाही, आणि डोळ्यांना दिसतं की पृथ्वी दोन ठिकाणी सूर्याच्या अगदी जवळ येते. खरी कक्षा ३० सेंटीमीटरची काढली तर तिचा लांबटपणा पेन्सिलीच्या रेघेच्या जाडीतच हरवतो, फक्त सूर्य मध्यापासून अडीच मिलिमीटर सरकलेला असतो. आता मी कंपासने सरळ वर्तुळ काढते आणि सूर्य तेवढाच सरकवते. एवढं केल्यावर तो प्रश्न निम्मी पोरं विचारतच नाहीत.

अंतराचा काहीच परिणाम नाही असंही मी म्हणत नाही. लांब असताना पृथ्वी जरा हळू जाते, म्हणून मार्चच्या संपातापासून, म्हणजे दिवस-रात्र सारखी असते त्या दिवसापासून, सप्टेंबरच्या संपातापर्यंत १८६ दिवस लागतात आणि उरलेल्या अर्ध्याला १७९. आपला उन्हाळ्याकडचा अर्धा आठवडाभर मोठा आहे तो अंतरामुळे.

आणि एक कबूल करायलाच पाहिजे की ऋतू थर्मामीटरने शिकवायला गोवा वाईट जागा आहे. समुद्र जवळ असल्यामुळे जानेवारीची दुपारही ३२ अंशांपर्यंत जाते, गारवा असतो तो पहाटे. दुपारचं तापमान आपल्याकडे सगळ्यात कमी जुलै-ऑगस्टमध्ये असतं, सूर्य जवळपास डोक्यावर असताना, कारण पाऊस आणि ढग. तो मान्सूनसुद्धा उत्तरेकडची जमीन तापल्यामुळे येतो, म्हणजे तोही या कलाचाच, पण तो आपल्याच कारणावर पांघरूण घालतो. म्हणून मी तापमान सोडून सावली धरते. लिस्बनला कुणी नातेवाईक असेल तर त्याला विचारा, तिथे डिसेंबरात दुपारचा सूर्य २८ अंशांवरच थांबतो आणि जूनमध्ये ७५ अंशांच्या जवळ जातो, तिथे थर्मामीटरच सगळं सांगतो.

काठी नसेल तर मिरामारला जा. जूनमधला मावळता सूर्य (दिसला तर) आणि डिसेंबरमधला, यांच्यात क्षितिजावर जवळपास पन्नास अंशांचं अंतर पडतं, हात लांब करून मूठ धरली तर पाच मुठी.

१० ऑगस्टच्या सुमाराला सूर्य दुसऱ्यांदा आपल्या डोक्यावर येतो आणि पावसामुळे तो कुणाला दिसत नाही. गेल्या वर्षी त्या दिवशी बारा पस्तीसला पाऊस थांबला, पाचेक मिनिटं ऊन पडलं, मी ओल्या अंगणात पळत गेले. काठीला सावली नव्हती.