आमची वाटचाल : मिसळीच्या प्लेटचा हिशेब

एकच हॉटेल होतं तोवर माल नजरेखाली असायचा. शाखा वाढल्या, मटकी आणि वाटण सेंट्रल किचनमधून जाऊ लागलं, तेव्हा रेसिपीचा हिशेब ईआरपीत, म्हणजे खरेदी, साठा आणि विक्री एकत्र सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये घेतला.

सुरुवात मटकीपासून केली. सुकी मटकी १२० रुपये किलो धरली आणि एका किलोची मोड आलेली २.२ किलो भरली, तर मोडाची मटकी साधारण ५४.५० रुपये किलो पडते. प्लेटला ८० ग्रॅम म्हणजे ४ रुपये ३६ पैसे. रेसिपीत सुक्या मटकीचाच दर लावला तर हाच आकडा ९ रुपये ६० पैसे दिसतो. म्हणून मोडाची मटकी आणि वाटण यांच्या वेगळ्या उपरेसिपी केल्या, आणि प्रत्येक घाणा तयार झाल्यावर वजन करूनच नोंदवतो. दर मात्र जीएसटीसकट धरायचा. ५ टक्के जीएसटी लावणाऱ्या हॉटेलला खरेदीवरच्या कराची वजावट मिळत नाही, तो कर खर्चातच जातो.

तेलाच्या डब्यापाशी फार जण फसतात. १५ लिटरच्या डब्यात तेल भरतं जेमतेम पावणेचौदा किलो. खरेदी डब्यात, रेसिपी ग्रॅममध्ये आणि मधलं रूपांतर १५ किलोचं, असं असेल तर सगळ्याच शाखांत दर डब्यामागे सव्वा किलो तेल कमी पडलेलं दिसतं. एकाच शाखेत तूट असेल तर तिथल्या कामात शोधायचं. सगळीकडे सारखीच असेल तर आधी एकक तपासायचं.

दर सोमवारी सकाळी, गिऱ्हाईक यायच्या आत, शाखेतला माल मोजला जातो. सुरुवातीचा साठा अधिक आलेला माल वजा शिल्लक, हा प्रत्यक्ष वापर. विकलेल्या प्लेटी गुणिले रेसिपी, हा अपेक्षित. एका शाखेचं फरसाण बघा : १,२०० प्लेटी, ६० ग्रॅमने ७२ किलो हवं होतं. साठा १४, आलं ८०, उरलं १२. वापर ८२ किलो. दहा किलोच्या फरकातला ३ किलो पिशवीच्या तळाचा चुरा, तो वाया गेलेल्या मालात लिहिलेला होता. उरले ७ किलो, म्हणजे प्लेटमागे जवळजवळ ६ ग्रॅम. हे हाताच्या अंदाजाने वाढल्यामुळे होतं. तिथे ६० ग्रॅम फरसाण शिगोशीग बसेल अशी वाटी दिली.

रश्श्याचं गणित निराळं आहे. जादा रस्सा आम्ही फुकट देतो आणि देत राहणार. पण बिलात न आलेला रस्सा ईआरपीला तूट वाटतो, आणि संशय विनाकारण आचाऱ्यावर येतो. त्यासाठी बिलिंगवर ‘जादा रस्सा’ हा शून्य रुपयांचा पदार्थ ठेवला, दीडशे मिलीच्या रेसिपीसह. गर्दीच्या वेळी वेटर ते बटण दाबायचं विसरतात, त्यामुळे रविवारचा रश्श्याचा फरक आजही थोडा जास्तच निघतो.