मोठ्या पडद्यावर दिसलेली शिल्लक

बचतगटाच्या बायकांना मोबाइलवरून पैसे पाठवायला शिकवायचं होतं. माझ्या फोनवर सगळं इंग्रजी, म्हणून पुढे बसलेल्या एका मावशींचाच मराठीतला फोन घेतला. त्याचा पडदा लॅपटॉपमार्फत भिंतीवर दाखवायचा होता, म्हणून सेटिंगमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारून डेव्हलपर ऑप्शन उघडलं, यूएसबी डीबगिंग चालू केलं.

पहिल्या केबलने फोन चार्ज होत होता, पण लॅपटॉपवर `adb devices` खाली जोडलेल्या फोनची यादी रिकामीच. काही केबलींत डेटाच्या तारा नसतात. माझी नेहमीची लावली, तर पुढे `unauthorized`. म्हणजे आता केबल ठीक होती, फोन परवानगीसाठी थांबला होता. मावशींनी फोनवर ‘अनुमती द्या’ दाबलं आणि मग लॅपटॉपवर फोनचा पडदा आणून तो रेकॉर्डही करणारी आज्ञा दिली:

```
scrcpy --show-touches --stay-awake --record=varga.mkv
```

पडदा उमटला. बोट टेकेल तिथे पांढरा ठिपका दिसतो, शिकवताना याच्यासारखी सोय नाही. मात्र लॅपटॉपच्या माउसने क्लिक केलं तर ठिपका उमटत नाही, म्हणून मी फोन हातातच ठेवायला लावते.

पेमेंट ॲपमध्ये पिनचं पान आलं आणि पडदा काळा. आमचे साहेब मागून, “केबल हलवा!” केबल गेली असती तर खिडकीच बंद झाली असती, इथे मागच्या पानावर आलं की चित्र परत येत होतं. त्या पानाला ॲपवाल्यांनीच `FLAG_SECURE` लावलेलं असतं, त्यामुळे त्याचं चित्र बाहेर जात नाही. साहेबांना ते पटेना. न समजलेल्या गोष्टीत घाई करायची त्यांची सवयच आहे. मी फळ्यावर आकड्यांची चौकट काढून पुढे शिकवलं.

मावशींनी विचारलं, “ताई, म्हणजे माझं काही कुणाला दिसणार नाही ना?”

“नाही दिसणार,” मी म्हणाले.

त्यांनी पिन टाकला, शेजारणीला शंभर रुपये गेले. चित्र परत आलं आणि त्याच क्षणी वरून बँकेचा मेसेज उतरला: शंभर वजा, शिल्लक इतकी. भिंतीवर हातभर अक्षरांत. झाकलं होतं फक्त ॲपचं पान. मेसेजची पट्टी साध्या पडद्यावरची, ती जशीच्या तशी गेली. मी केबल उपटेपर्यंत सगळ्यांनी वाचलं होतं. मावशींनी पदर सावरला आणि फोन उलटा ठेवला.

रेकॉर्डिंग त्यांच्यासमोर पुसलं, डीबगिंगची परवानगी मागे घेऊन ते बंद करून दिलं. आता वर्गासाठी वेगळा फोन ठेवते, त्यातलं खातं माझं आणि नोटिफिकेशन बंद. पण मावशी पुढच्या वर्गाला आल्या नाहीत. त्यांच्या शेजारणीला विचारलं, तर म्हणाली, “त्यांना काम होतं.”